साखरपुडा आणि तिथी यांच्या मधले दिवस

तिथी तीन-चार आठवड्यांवर आली की नवरीच्या किंवा नवरदेवाच्या मनात जी घालमेल सुरू होते, ती दोन वेगळ्या गोष्टींची असते. एक असते धास्ती. घर सुटणार, माणसे बदलणार, शेकडो लोकांसमोर उभे राहायचे, पहिल्या रात्रीविषयी कुणी नीट काही सांगितलेले नाही, खर्चाचा डोंगर वडिलांच्या डोक्यावर आहे, या सगळ्याची ती धास्ती असते. दुसरी असते शंका. हा माणूस सांगतात तसाच आहे का, या घरात आपला निभाव लागेल का, आपण होकार घाईत दिला का? शरीराला मात्र यांतला फरक कळत नाही. दोन्हींमध्ये झोप उडते, घास उतरत नाही, पोटात गोळा येतो, छाती धडधडते. म्हणून घरचे दोन्हींवर एकच उत्तर देतात: “समद्यांलाच व्हतं असं. लग्न झालं की बसतंय नीट.” धास्तीला हे उत्तर बहुतेक वेळा लागू पडते. शंकेला पडत नाही, आणि गोंधळ तिथेच होतो.

बीड जिल्ह्यात सोयरीक ज्या क्रमाने जमते, त्यात ही शंका उशिरा येणे जवळजवळ ठरलेलेच आहे. मध्यस्थ स्थळ आणतो. पाच-सात पाहुणे मुलगी बघायला येतात, पोहे-चहा होतो, नाव, शिक्षण, मामाचे गाव विचारले जाते. अलीकडे मुला-मुलीला पंधरा-वीस मिनिटे वेगळ्या खोलीत बोलू देतात. पसंती कळली की बैठक बसते, देण्या-घेण्याचे ठरते, सुपारी फुटते. दोघांच्या हातात एकमेकांचा फोन नंबर येतो तो यानंतर. म्हणजे निर्णय आधी होतो आणि ओळख नंतर सुरू होते. साखरपुड्यानंतर रोज रात्री तासभर बोलणाऱ्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याविषयी जी माहिती मिळते, ती तिच्या वडिलांना बैठकीत मिळालेली नव्हती. शंका आली म्हणजे मुलीचे मन चंचल आहे असे घरात धरले जाते. खरे तर माहितीच आत्ता आलेली असते, आणि माहिती आली की तिच्यावर विचार होणारच.

याच दिवसांत पैशाचे आणि अब्रूचे घड्याळ उलट दिशेने चालत असते. सुपारी फुटते तेव्हा आठ-दहा माणसांनाच गोष्ट ठाऊक असते आणि खर्च थोडा झालेला असतो. साखरपुड्याला भावकी जेवते, अंगठी आणि साडी होते. मग मंगल कार्यालयाचा इसार जातो, आचारी आणि मंडपवाला ठरतो. नंतर बस्ता. दोन्हीकडची माणसे गाडी करून बीडला, अंबाजोगाईला किंवा लातूरला जातात आणि एका दिवसात मोठी रक्कम कापडात जाते. त्यानंतर पत्रिका छापून येतात. पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवली जाते. कुणाची अंबाजोगाईच्या योगेश्वरीला, कुणाची परळीच्या वैजनाथाला, कुणाची तुळजापूरला. देवापुढे पत्रिका ठेवली की ती तिथी घरच्यांच्या मनात माणसांच्या हातातून गेलेली असते. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या भरवशावर काढलेले कर्जही एव्हाना खर्ची पडलेले असते. पत्रिका वाटल्यानंतर घरातला प्रश्नच बदलतो. “पोरीचं काय म्हणणं आहे?” याच्या जागी “लोकं काय म्हणतील?” येते. शंका मांडायला जी माहिती लागते ती आठवड्यागणिक वाढते आणि ती मांडण्याची किंमतही आठवड्यागणिक वाढते. बोलायला हवे ते बस्त्याच्या आधी. त्यानंतर बोलता येतच नाही असे नाही, पण प्रत्येक दिवस महाग पडतो.

लग्नाआधीच्या शंकेचा पुढच्या संसाराशी काही संबंध असतो का, याचा अभ्यास झालेला आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जस्टिन लॅव्हनर, बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी या मानसशास्त्रज्ञांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. नुकतेच लग्न झालेल्या 232 जोडप्यांना त्यांनी विचारले की लग्न करण्याविषयी तुमचे मन कधी कचरले होते का. 47 टक्के नवऱ्यांनी आणि 38 टक्के बायकांनी हो म्हटले. चार वर्षांनी पाहिले तेव्हा, ज्या स्त्रियांना शंका होती त्यांच्यातल्या 19 टक्क्यांचा घटस्फोट झाला होता. ज्यांना नव्हती त्यांच्यात हे प्रमाण 8 टक्के होते. पुरुषांमध्ये हाच फरक 14 आणि 9 टक्के असा कमी होता. शंका पुरुषांना जास्त वेळा आली, पण स्त्रीला आलेली शंका अधिक खरी ठरली.

हे आकडे बीडला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथली जोडपी एकमेकांना निवडून, ओळखून लग्नापर्यंत आली होती. इथे घटस्फोटाची वाट इतकी अवघड आहे की चार वर्षांत संसार मोडला नाही याचा अर्थ तो चांगला चालला असा निघत नाही. तरी त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी इथेही उपयोगी आहेत. एक म्हणजे शंका येणे इतके सर्रास आहे की त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरी म्हणजे ती सर्रास आहे म्हणून निरर्थक ठरत नाही. शंका आलेल्या बहुतेक स्त्रियांचे लग्न टिकले, हेही त्याच आकड्यांत आहे. तेव्हा शंका आली की सोयरीक मोडावी असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ती कशाविषयी आहे ते पाहावे, एवढाच निघतो.

मग धास्ती कोणती आणि शंका कोणती, हे ओळखायचे कसे? धास्ती जागा बदलत राहते. आज जेवणावळीची, उद्या सासूच्या स्वभावाची, परवा आजारी आईची. शंका पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन थांबते, आणि त्या जागी सहसा घडलेला एखादा प्रसंग असतो: फोनवरचे एक वाक्य, मध्यस्थाने फिरवलेला एक शब्द. धास्ती समोरच्याशी बोलल्यावर हलकी होते, शंका बोलणे संपल्यावर जड होते. एक साधी परीक्षाही करून पाहता येते. हळद, वरात, मंगलाष्टका हे सगळे वगळून टाकावे आणि लग्नानंतर वर्षभराने त्या घरातला एखादा साधा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी कोण उठवते, पैसे कुणाकडे मागावे लागतात, संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा बरे वाटते की अंग आखडते? समारंभ वगळल्यावर जी अस्वस्थता विरते ती धास्ती होती. उरते ती शंका. आणि एखादी गोष्ट जिवाभावाच्या मैत्रिणीपासूनही लपवावीशी वाटत असेल, तर शंकेचे मूळ बहुधा तिथेच असते.

अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेता येईल. केज तालुक्यातली तेवीस वर्षांची मुलगी, अंबाजोगाईत बी.एड.च्या पहिल्या वर्षाला. मुलगा शेजारच्या तालुक्यातला, पुण्याजवळ चाकणला कंपनीत. मध्यस्थाचा शब्द “परमनंट आहे.” साखरपुडा माघात झाला, तिथी वैशाखातली धरली. चैत्र लागला आणि मुलीचे जेवण तुटले. आईने दृष्ट काढली. धाकट्या मावशीने मात्र तिला एकदा शेतात सोबत नेले आणि कशाकशाची भीती वाटते ते एकेक करून विचारले. पाच गोष्टी निघाल्या. पुण्यात एकटी कशी राहीन. पहिल्या रात्री काय होते. लग्नात चक्कर आली तर. तो रोज विचारतो कुठे होतीस, कुणाशी बोलत होतीस, आणि आता फोनचा पासवर्ड मागतो. आणि त्याचा पगार कधी दहा तारखेला होतो, कधी वीसला, हे परमनंट माणसाचे लक्षण वाटत नाही.

पहिल्या तीन गोष्टी धास्तीच्या होत्या. मावशीने संसाराचे मोकळेपणाने सांगितले, चाकणला राहणाऱ्या गावातल्या एका सुनेशी फोनवर बोलणे करून दिले, आणि चार दिवसांत त्या तिन्ही गोष्टी निम्म्यावर आल्या. उरलेल्या दोन तशाच राहिल्या. त्यांना धीर देऊन उपयोग नव्हता, कारण त्या विचारून पाहण्यासारख्या होत्या.

नोकरीची गोष्ट सोपी होती. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे उभा राहण्याचा मान मामाचा असतो. मावशीने ही गोष्ट मामालाच सांगितली. मामा चाकणला गेला. नियुक्तीपत्र आणि पगाराची पावती कुणाच्या नावाची आहे हे त्याने मुलालाच सरळ विचारले. पावती कंपनीची नव्हती, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराची होती. मुलगा कंत्राटी होता. त्याने ते लपवले नाही. बैठकीत परमनंट सांगितले ते वडिलांनी आणि मध्यस्थाने, आणि आपल्याला मध्ये बोलता आले नाही, असे तो म्हणाला. बीडच्या शेकडो मुलांची पुण्याकडची नोकरी अशीच असते आणि कंत्राटी पगारावरही संसार होतात. मामाला त्यात मोडण्यासारखे काही वाटले नाही. शंका खरी निघाली आणि तरी ती निभावण्यासारखी होती.

पासवर्डची गोष्ट वेगळी होती. मावशीने मुलीला एवढेच सुचवले की एका लहान गोष्टीला सरळ नाही म्हणून बघ. मुलीने पासवर्ड द्यायला शांतपणे नकार दिला, आणि परीक्षेच्या आठवड्यात रात्री नऊनंतर फोन घेणार नाही असे सांगितले. होकाराच्या काळात सगळेच गोड बोलतात. माणूस कळतो तो नकार मिळाल्यावर. नाराज होणे, कारण विचारणे, एखादा दिवस गप्प राहणे हे समजण्यासारखे आहे. मुलाने मात्र रात्री साडेअकराला तिच्या भावाला फोन लावला आणि बहीण कुठे आहे ते विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. “तुझ्यावर जीव आहे म्हणून,” असे म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पासवर्डावर आला.

या टप्प्यावर घरात दोनच वाटा बोलल्या जातात: लग्न ठरल्याप्रमाणे करा, नाहीतर सोयरीक मोडा. तिसरी वाट तिथी पुढे नेण्याची, आणि ती कमी वापरली जाते. बीडमध्ये तिला पंचांगाचाही आधार आहे. उन्हाळ्याची लग्नसराई हुकली की आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, आणि रूढीप्रमाणे मुहूर्त निघतात ते तुळशीचे लग्न लागल्यावर. वैशाख टळला तर कुणाचे नाक न कापता सहा-सात महिने हाती येतात. या घराने पत्रिका छापायच्या आधी मुलीच्या परीक्षेचे कारण सांगून तिथी मार्गशीर्षावर नेली. श्रावणात मुलीची बी.एड.ची आंतरवासिता सुरू झाली. रोज शाळेत शिकवायला जायचे, सोबत मुले-मुली दोन्ही. मुलाने शाळेत जाऊ नको म्हणून सांगितले, पुढे लग्नानंतर हे बंदच करायचे म्हणाला, आणि त्याच्या वडिलांनी त्याचीच री ओढली. भाद्रपदात चार वडीलधारी माणसे बसली. अंगठी आणि साडी परत गेली, इकडचे कपडे परत आले. कार्यालयाचा इसार बुडाला. बस्ता व्हायचा होता, म्हणून नुकसान तेवढ्यावरच थांबले.

दुसऱ्या एखाद्या घरात याच सहा महिन्यांत मुलगा निवळला असता आणि लग्न झाले असते. तेही तितकेच योग्य ठरले असते, कारण वेळ मागितला होता तो हेच पाहण्यासाठी.

नवरदेवाच्या मनातली घालमेल याहून जास्त दबलेली राहते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. ती मुले आता लग्नाच्या वयात येत आहेत. कोरडवाहू शेती करणाऱ्या तिशीतल्या मुलाला आजच एक स्थळ जमायला चार-पाच वर्षे लागतात. अशा मुलाला मुलगी फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही, तिच्यावर जबरदस्ती झाली असावी, असे वाटले तरी तो ते कुणाला सांगत नाही. हे स्थळ गेले तर दुसरे येणार नाही, ही भीती त्याच्या शंकेपेक्षा मोठी असते. पण गप्प बसणाऱ्या मुलीला “तुझ्या मनाविरुद्ध तर नाही ना?” असे एकदा विचारणे त्याच्याच हातात असते, आणि त्या एका प्रश्नाने पुढची फरफट दोघांचीही टळू शकते. मुलीच्या बापाकडे ठरल्यापेक्षा जास्त मागणी आपल्या घरून जाते आहे हे कळूनही गप्प बसलेला नवरदेव पुढे संसारातही गप्प बसेल, असे मुलीने धरले तर तिची चूक नाही. 1961 पासून हुंडा मागणे, घेणे आणि देणे हे तिन्ही गुन्हे आहेत. तिथी ठरल्यावर वाढलेली मागणी हे शंकेचे सगळ्यांत ठोस कारण समजावे.

शंका घ्यायला हे आठवडेही ज्यांना मिळत नाहीत, अशा मुली याच जिल्ह्यात आहेत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा. मुकादमाची उचल कोयत्याच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. तरुण मुलीला पालावर नेणे धोक्याचे आणि गावात एकटी ठेवणेही धोक्याचे, म्हणून मुलीचे आई-बापही घाई करतात. पाहणे आणि लग्न एकाच आठवड्यात उरकते. काही लग्ने तर कारखान्याच्या गेटवर लागतात, त्यांना ‘गेटकेन’ म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. राज्याचे प्रमाण 21.9 टक्के होते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी लग्नाआधी रडते तेव्हा ती धास्ती की शंका हा प्रश्नच येत नाही. ते लग्न थांबवायचे असते. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, आहे आणि 1098 या क्रमांकावर कुणालाही कळवता येते. असे लग्न लागून गेले असेल तरी 2006 च्या कायद्याने ते रद्द करून घेता येते. सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

घालमेल कधी कधी आजाराच्या हद्दीत जाते, तेही ओळखता आले पाहिजे. दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जीव नकोसा वाटतो असे बोलणे येते, किंवा कुठलाही प्रसंग घडलेला नसताना एकच शंका दिवसातून शंभर वेळा येते आणि कितीही खात्री दिली तरी तासाभरात परत येते, तर तो मनोविकारतज्ज्ञाचा विषय आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात ती सोय आहे, आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. दृष्ट काढल्याने कुणाचे नुकसान होत नाही, पण जीव नकोसा झालेल्या मुलीला तेवढ्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

साखरपुड्याने कायद्याच्या नजरेत लग्न होत नाही. ठरलेले लग्न कराच, असा हुकूम कोणतेही न्यायालय देत नाही. फार तर दिल्या-घेतल्या वस्तूंचा आणि झालेल्या नुकसानीचा हिशोब होतो. जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न पूर्ण होते ते सातव्या पावलाला. तोपर्यंत थांबायला कायद्याची आडकाठी नाही. अडते ते मंडप, आचारी, भावकी आणि गाव यांच्यापाशी.

म्हणून ज्या घरात तिथी धरलेली आहे, तिथल्या मामाने, मावशीने, आत्याने, ज्याच्याशी ते लेकरू मोकळे बोलते त्याने, बस्त्याला गाडी निघण्याआधी नवरीला किंवा नवरदेवाला बाजूला घेऊन बसावे. कशाकशाची भीती वाटते ते एकेक करून विचारावे, आणि ज्याला नुसत्या धीराने उत्तर मिळत नाही त्याची चौकशी करायला स्वतः उठून जावे.